वादसभा: फाशीची शिक्षा रद्द करावी का?

अकरावी कला, राज्यशास्त्र. शनिवार, जोडतास, ७० मिनिटे. हा कागद आदल्या गुरुवारी वर्गात वाचून दाखवायचा आहे.

ठराव: "भारतात खुनाच्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा रद्द करावी." दहशतवाद मुद्दाम वगळला आहे. २०१५ साली विधी आयोगाने २६२व्या अहवालात दहशतवाद आणि युद्ध पुकारणे हे गुन्हे सोडून फाशी रद्द करा, अशीच शिफारस केली होती.

वेळ अशी: आपलं मत लिहायची आधीची चिठ्ठी ५ मिनिटे, सहा वक्ते प्रत्येकी ३, म्हणजे १८, प्रश्नांची तयारी ७, उलटतपासणी २०, दोन समारोप ६, दुसरी चिठ्ठी आणि चर्चा १४. चिठ्ठीवर नाव नको, हजेरी क्रमांक टाका. कोणाचं मत हललं ते त्याशिवाय कळत नाही. बाजू कोणती ते सोडतीने ठरेल. आपल्या मताविरुद्ध बोलायला मिळालं तर रुसू नका, तयारी उलट जास्त होते.

आधी कायदा नीट समजून घ्या, कारण निम्मी वादसभा इथेच फसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. फाशी द्यायची तर न्यायाधीशाला विशेष कारणं लिहावी लागतात आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने 'विरळातील विरळ' ही कसोटी दिली. तेव्हा "फाशी नाही तर सुटका" असं कोणी म्हणालं की अध्यक्षांनी घंटा वाजवावी. पर्याय जन्मठेपेचा आहे, आणि ती मरेपर्यंतचीही असू शकते.

प्रतिफळ, म्हणजे गुन्ह्याच्या मापाची शिक्षा. फाशीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा, पण 'सूड' म्हणालात की हातचा गेला. सुडाला माप नसतं आणि तो घेणारा दुखावलेला माणूस असतो. शिक्षा राज्य देतं, मोजून देतं. समाजाच्या सामूहिक विवेकाला हादरा बसला की फाशीचा विचार व्हावा, असं १९८३ च्या मच्छी सिंग निकालात आहे. समोरच्यांनी विचारावं: घर जाळणाऱ्याचं घर आपण जाळतो का? शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी, पण त्याची नक्कल कशाला?

चूक. इथे जास्त वेळ द्या. महाराष्ट्रातला २००३ चा दरोडा-खुनाचा खटला घ्या. भटक्या जमातींतले सहा जण आरोपी. सत्र न्यायालयात सहाही जणांना फाशी. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कच्चा दुवा ओळख पटवण्याचा होता: वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, पण त्या दिशेने तपासच झाला नाही. तीन पातळ्यांच्या चाळणीतून निसटलेली ही चूक फळ्यावर तारखांसह लिहा.

फाशीच्या बाजूने मग थेट प्रश्न टाकावा: गुन्हेगार कोण याबद्दल शंकाच नसेल, तर? त्यावर "चूक होऊ शकते" एवढंच म्हणणारा हरतो. शंका नसलेला खटला आणि शंका असलेला खटला आधीच वेगळे करणारी ओळ कायद्यात लिहायची कशी, हे त्याने विचारावं. आमच्या मते ठरावाच्या बाजूचा खरा जोर याच प्रश्नात आहे.

प्रतिष्ठा. अनुच्छेद २१ पूर्ण वाचा. कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीने जीवित हिरावता येतं, हे त्यातच गृहीत आहे. हा फाशीच्या बाजूचा मुद्दा. दुसरी बाजू शत्रुघ्न चौहान निकालाकडे (२०१४) वळेल: दयेच्या अर्जाला अवाजवी विलंब झाला तर फाशी जन्मठेपेत बदलता येते आणि अर्ज फेटाळल्यावर किमान १४ दिवस द्यावे लागतात. रोज मरणाची वाट पाहणं ही वेगळीच शिक्षा, हा त्यामागचा विचार. माणूस सुधारतो का, यावर हवेत बोलू नका; आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे खुनाच्या कैद्यांनाही उघड्यावर शेती करायला ठेवलं. अर्थात ते निवडलेले कैदी होते, हे समोरचे बोलतीलच.

तीन सक्त सूचना. गुन्ह्याचं रक्ताळलेलं वर्णन नको. गावातल्या किंवा ओळखीतल्या खटल्याचं नावही नको, कारण वर्गात कोणाचं घर त्यात असेल सांगता येत नाही. "फाशीने गुन्हे कमी होतात" असं म्हणायचं तर आकडा कुठला ते सांगा, नाहीतर तो मुद्दा सोडा.

गुण: युक्तिवाद १०, निकालांचा अचूक वापर ५, समोरच्याला दिलेलं उत्तर १०. आवाजाला शून्य. टाळ्या चिठ्ठ्या मोजून झाल्यावर.