रबर

जुईचे कान लाल झाले की तिला कुणी काही विचारायच्या भानगडीत पडत नसे. कान सगळं सांगून टाकायचे. म्हणून ती घरातही केस मोकळे सोडायची, दोन्ही बाजूंनी पुढे ओढून.

"दोन राण्या," ती म्हणाली आणि दोन पत्ते पालथे टाकले. आवाज इतका बारीक की काकांनी "किती?" म्हणून विचारलं. ते पुन्हा सांगावं लागलं, तिथेच घात झाला.

"दाखव!" पार्थ चटईवरून अर्धा उठला. "कान बघा, कान! केसांतून दिसतायत!"

एक राणी होती, दुसरी चौकटची पंजी. मधला सगळा ढीग जुईकडे आला. पहिल्याच डावात तिसऱ्यांदा. दहा पत्त्यांनी सुरुवात केली होती, आता हातात मावत नव्हते. पंख्यासारखे धरायला गेली तर कडेचे चार खाली निसटले आणि सगळ्यांना दिसले. कुणी वाईट हसलं नाही. काका तर प्रेमानेच हसले. पण पंधराव्या वर्षी प्रेमाचं हसूही टोचतं.

डाव आजीने जिंकला. तिचे पत्ते कधी संपले ते कुणालाच कळलं नाही.

"मला अभ्यास आहे," जुई म्हणाली.

"शनिवारी रात्री?" आजीने कॅट तिच्यापुढे सरकवली. "पीस. तुझा हात चांगला आहे."

ते खरं होतं. पत्ते पिसताना जुईकडे कुणी बघत नसे, त्यामुळे तिचे हात अगदी मोकळे चालायचे. अर्धी कॅट डाव्या हातात, अर्धी उजव्या, अंगठ्यांनी कडा वाकवून सोडल्या की पत्ते एकमेकांत सरसर शिरायचे. काका आणि बाबा उठून पाय मोकळे करत होते, पार्थ पाणी प्यायला गेला होता. आजी चष्मा पुसत होती.

"आजी, तू खोटं सांगतेस तेव्हा कळतच नाही. मी नुसतं तोंड उघडलं तरी कळतं."

"परवा फोनवर कुणीतरी तुझं नाव विचारलं," आजी म्हणाली. "तू सांगितलंस. तेव्हा कान केवढे लाल झाले होते. नाव खोटं होतं का?"

जुईचे हात थांबले.

"नाही."

"मग?" आजीने चष्मा लावला. "वाट पत्ते."

जुईने वाटले. पाच जण, दोघांना अकरा आणि तिघांना दहा. वाटताना तिच्या डोक्यात तो फोन घुमत होता. खरंच की. वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानाही कान तापतात. त्यात कसलं आलंय खोटं? लोक तिच्या कानांत खोटेपणा वाचत होते, आणि कान बिचारे एवढंच सांगत होते की सगळे माझ्याकडे बघतायत.

कॅटचं रबर चटईवर पडलं होतं. तिने ते उचललं, केस मागे घेतले आणि घट्ट बांधले. रबराने दोन-चार केस ओढले गेले. कानांना पंख्याचा वारा लागला. किती दिवसांनी, कोण जाणे.

हातात तीन दश्श्या होत्या. तिची पाळी आली, नवा आकडा तिलाच सांगायचा होता. "तीन दश्श्या," ती म्हणाली. कान तापले. तिने ते तापू दिले.

"दाखव!" पार्थला श्वास घ्यायचीही फुरसत नव्हती.

बदाम, किलवर, इस्पिक. तीन दश्श्या, एकाशेजारी एक. पार्थ त्यांच्याकडे बघत राहिला, मग जुईच्या कानांकडे, मग परत पत्त्यांकडे. "पण लाल झाले होते ना?" तो काकांना म्हणाला, जणू कुणीतरी नियमच बदलला होता.

पुढे सत्त्यांचा फेरा आला. जुईने दोन टाकल्या, दोन्ही खऱ्या. या वेळी काका फसले. पत्ते उचलताना त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तिच्याकडे जरा नीट बघितलं. त्या बघण्याने कान आणखी तापले. तापा, ती मनात म्हणाली.

मग राजे. तिच्याकडे एकही राजा नव्हता. गप्प "पास" म्हणता आलं असतं, आत्तापर्यंत अशा वेळी तिने तेच केलं होतं. तिने इस्पिकची दुर्री काढली. बोटं गार पडली, पोटात गोळा आला. हे मात्र खरं सांगतानापेक्षा वेगळं होतं, आणि ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

"एक राजा."

काकांना पहिल्यांदाच ऐकू आलं.

पार्थने तोंड उघडलं. मांडीशेजारच्या पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. "पास."

काका पास. बाबा पास. आजीने एकदाच वर बघितलं आणि तीही पास म्हणाली. ढीग बाजूला गेला आणि त्याच्यात ती दुर्री, कायमची, राजा होऊन. जुईला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिने हातातले चार पत्ते उगाच वरखाली केले.

राण्यांचा फेरा येताच तिने एक खरी राणी आणि किलवरची पंजी मिळून "दोन राण्या" टाकल्या. मघाचेच शब्द. या वेळी कुणी "किती?" विचारलं नाही आणि कुणी पत्ते उलटले नाहीत.

आता तिच्याकडे दोनच पत्ते उरले. तिर्री आणि नव्वी.

काकांनी नवा फेरा लावला. "एक एक्का." पार्थ पास. बाबांनी आपल्या कोपऱ्यातून एक पत्ता सरकवला. दिव्यापासून दूर असलेला तो कोपरा त्यांचा नेहमीचा. ते हळूच म्हणाले, "माझाही एक."

कॅटमध्ये एक्के चार. दोन झाले. दोन उरले. हिशेब असा जुळून आला होता की जुईला तो आपल्यासाठीच मांडलेला वाटला. तिने दोन्ही पत्ते टाकले आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.

"दोन एक्के. संपले माझे."

काकांनी डोकं खाजवलं. पार्थ कधी आपल्या पत्त्यांकडे बघे, कधी तिच्या कानांकडे, आणि त्याला काहीच वाचता येत नव्हतं. "सोडलं," काका म्हणाले. "जिंकली पोरगी."

"दाखव," आजी म्हणाली.

जुईने तिच्याकडे बघितलं. आजीने हातातले तीन पत्ते चटईवर उताणे केले. बदाम एक्का, चौकट एक्का, किलवर एक्का.

क्षणभर सगळे गप्प. मग पार्थ किंचाळला, काका मांडीवर थाप मारून हसायला लागले आणि जुईही हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. आजी मात्र गंभीरपणे म्हणाली, "माझ्याकडे तीन नसते, तर मी सोडलं असतं." आजी उगाच कौतुक करत नसे. जुईने ते वाक्य ठेवून घेतलं.

ढीग तिचा झाला. चारच पत्ते. तिने एकेक उलटला. आपली तिर्री, आपली नव्वी. इस्पिकचा एक्का, काकांचा. आणि चौथा, चौकटचा गुलाम.

ती थांबली. तो कुणी टाकला होता ते तिला आठवलं. गुलाम हातात धरून ती पुढे वाकली, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात.

"बाबा," ती म्हणाली, "हा तुमचा एक्का?"

बाबांचा हात झटकन कानाकडे गेला.