अंकांची अदलाबदल: दहावीच्या मुलांसाठी टिपण

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मामा नारळ मोजून सांगतात, ‘चौऱ्याऐंशी.’ भाचा वहीत लिहितो ४८. त्याच्या कानावर आधी ‘चौ’ पडला, म्हणून त्याने ४ आधी लिहिला. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतो आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र ४ आधी, ७ नंतर. शाळेत ‘फॉर्टी सेव्हन’ म्हणताना क्रम पुन्हा बदलतो. घरी मराठी किंवा कोकणी आणि शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या आपल्या मुलांची इथे गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणून अंक कधी ऐकू आला याकडे पाहू नका, तो कोणत्या स्थानी बसला आहे ते पाहा.

दशक स्थानचा अंक x, एकक स्थानचा अंक y मानू. मग

मूळ संख्या = १०x + y
अदलाबदलीनंतरची संख्या = १०y + x

संख्या xy अशी लिहू नका. बीजगणितात xy म्हणजे x गुणिले y. ८४ साठी तो गुणाकार ३२ येतो! तपासलेल्या वह्यांत मला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच.

आता दोन्ही संख्यांची बेरीज करा: ११x + ११y, म्हणजे ११(x + y). मुळातून उलटी वजा करा: ९x − ९y, म्हणजे ९(x − y). ही दोन रूपं पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः मांडून काढा. बेरजेला ११ ने आणि वजाबाकीला ९ ने भाग का जातो, ते तिथेच दिसेल.

उदाहरण १. नारळांचंच घेऊ. खऱ्या संख्येतील अंकांची बेरीज १२ आहे. भाच्याने अंक उलटे लिहिल्याने नोंद ३६ नारळांनी कमी झाली. खरे नारळ किती?

x + y = १२ …(१)
(१०x + y) − (१०y + x) = ३६
९(x − y) = ३६
x − y = ४ …(२)

(१) व (२) यांची बेरीज करून २x = १६, x = ८, y = ४. खरे नारळ ८४.
ताळा: ८ + ४ = १२ आणि ८४ − ४८ = ३६.

ताळा समीकरणात करू नका, शाब्दिक उदाहरणाच्या वाक्यात करा. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यातला ताळा बरोबरच येतो आणि चूक लपून राहते.

उदाहरण २. एक दोन अंकी संख्या आणि तिचे अंक उलटवून येणारी संख्या यांची बेरीज ११० आहे. अंकांमधील फरक ४ आहे. संख्या काढा.

११(x + y) = ११०, म्हणून x + y = १०.

इथे थांबून वाचा. ‘फरक ४’ म्हटलंय, मोठा अंक कोणता ते सांगितलेलं नाही. म्हणून दोन शक्यता:
x − y = ४ घेतल्यास x = ७, y = ३; संख्या ७३.
y − x = ४ घेतल्यास x = ३, y = ७; संख्या ३७.
उत्तरं दोन्ही लिहायची. ‘दशकाचा अंक ४ ने मोठा’ असं दिलं असतं, तर फक्त ७३.

उदाहरण ३. अंकांची बेरीज ११; संख्या व उलटी संख्या यांची बेरीज १२१. संख्या कोणती?

पहिली अट: x + y = ११. दुसरी: ११(x + y) = १२१, म्हणजे पुन्हा x + y = ११. वाक्यं दोन, समीकरण एकच. २९, ३८, ४७, ५६, ६५, ७४, ८३, ९२ या आठही संख्या चालतात. एकच उत्तर निघणार नाही, म्हणून आकडेमोड करत बसू नका, कारण लिहा.

आता तुम्ही सोडवा.

१. संख्या व उलटी संख्या यांची बेरीज १५४; दशकाचा अंक एककापेक्षा ४ ने मोठा.
२. अंकांची बेरीज ९. अंक उलटवल्यावर संख्या ४५ ने कमी होते.
३. संख्या व उलटी संख्या यांची बेरीज ९९. अंकांमधील फरक ३.
४. अंकांची बेरीज १३. अंक उलटवल्यावर संख्या १८ ने कमी होते. अशी संख्या आहे का?

उत्तरे: (१) ९५. (२) ७२. (३) ६३ किंवा ३६. (४) नाही; x + y = १३ आणि x − y = २ यांतून x = ७.५ येतो, आणि ७.५ हा अंक नव्हे.