कोकणातल्या वेळास गावी, आमच्या घरी राहून कासवाची पिल्लं बघायला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी: चौकशी आली की पाठवायचे व्हॉट्सॲप संदेश

*संदेश १ (चौकशी आल्याबरोबर)*

नमस्कार ताई 🙏
वेळासहून लिहितेय. तुमचा मेसेज मिळाला. कासवाची पिल्लं बघायला पहिल्यांदाच येताय आणि लेकीलाही आणताय, वाचून फार आनंद झाला.

१४ मार्चला आमच्याकडे दोन खोल्या मोकळ्या आहेत, एक खालची आणि एक माडीवरची. आत्ता पाहुण्यांची पानं वाढायची आहेत. दुपारी तीनपर्यंत सगळं सविस्तर लिहून पाठवते. फोनच करायचा असेल तर तीन ते पाच किंवा रात्री साडेआठनंतर करा. सकाळ-संध्याकाळ मी किनाऱ्यावर असते, तिथे रेंजचा भरवसा नसतो.

*संदेश २ (दुपारी)*

ताई, तुमच्या मेसेजवरून मी वहीत असं लिहून घेतलंय. एकदा वाचून बघा, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा.

▪ येणार: शनिवार, १४ मार्च २०२६, दुपारच्या जेवणाला
▪ निघणार: रविवार, १५ मार्च, नाश्ता करून
▪ माणसं चार: तुम्ही दोघं, मुलगी (६ वर्षं), सासूबाई (७१ वर्षं)
▪ पुण्याहून स्वतःच्या गाडीने
▪ जेवण: शनिवारी दुपार, चार वाजता चहा, रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता

दोन गोष्टी मात्र तुम्ही लिहिल्या नाहीत, त्या कळवा.

एक, सासूबाईंना जिना चढता येतो का? माडीवर वारा छान येतो, पण जिना जुना आहे, पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर खालचीच खोली घ्या. तिला लागूनच बाथरूम आहे, कमोड आहे. किनारा आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि शेवटचा पल्ला वाळूतून जातो. सासूबाई हळू चालणार असतील तर मी तुम्हाला दहा मिनिटं आधी निघायला सांगेन.

दुसरं, रविवारी एकादशी आहे. कुणाचा उपवास असेल तर नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी करते, बाकीच्यांना घावणे आणि ओल्या नारळाची चटणी. आदल्या दिवशी कळलं तरच साबुदाणा नीट भिजतो.

*संदेश ३ (पैशांचं)*

मोठ्या माणसाचे ११०० रुपये, मुलीचे निम्मे. राहणं, वर लिहिलेलं सगळं जेवण आणि चहा त्यात आला. म्हणजे तुमचे एकूण *३८५० रुपये*.

त्यातले १५०० आगाऊ पाठवलेत की खोली तुमच्या नावाची झाली. उद्या रात्री नऊनंतर पैसे आल्याशिवाय मी ती धरून ठेवू शकत नाही, हे आत्ताच सांगते. मागच्या वर्षी तोंडी शब्दावर एक खोली आठवडाभर अडवून ठेवली, त्यांचं येणं झालं नाही आणि दुसऱ्या तीन कुटुंबांना मी नाही म्हणून बसले होते. राहिलेले २३५० आल्यावर द्या. ते रोख आणलेत तर बरं, इथे नेटवर्क गेलं की यूपीआय अडकतं.

यायचं रद्द झालं आणि ७ मार्चपर्यंत कळवलंत तर पूर्ण पैसे परत. त्यानंतर परत देत नाही, पण याच हंगामात दुसरी तारीख मोकळी असेल तर तेच पैसे तिकडे धरते. घरात कुणी आजारी पडलं तर संकोच न करता फोन करा, तेव्हा नियम बाजूला ठेवून बोलू.

*संदेश ४ (हा कृपा करून शेवटपर्यंत वाचा)*

ताई, पिल्लं दिसतीलच असा शब्द मी देऊ शकत नाही. कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

होतं असं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री नेत असत. २००२ पासून गावात संवर्धनाचं काम सुरू झालं, तेव्हापासून ती अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, तशाच खड्ड्यात ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. किती दिवस लागतील ते वाळूच्या उबेवर ठरतं, माणसाच्या हातात काही नाही. अंडी ठेवल्याची तारीख लिहिलेली असते, त्यावरून अंदाज बांधता येतो, इतकंच.

रोज साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर समुद्राच्या थोडं अलीकडे सोडतात, म्हणजे ती स्वतः चालत पाण्यात जातात. कधी एका वेळी पन्नास, कधी तीनच, कधी टोपलीखाली नुसती वाळू. तुम्ही मुक्कामाला आहात म्हणून शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ अशा दोन संधी मिळतील. लेकीला निघायच्या आधीच हे समजावून ठेवा. रिकामी टोपली बघून रडू आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि आधी सांगून आणलेली मुलं वाळूत खेकडे शोधण्यात रमलेलीही पाहिली आहेत.

किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश आणि टॉर्च बंद. कासवाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि उजेडाने पिल्लं दिशा चुकतात. फोटोसाठी पुढे सरकणाऱ्याला गावातली माणसं मागे व्हायला सांगतात, त्याचा राग मानू नका.

*संदेश ५ (घर आणि वाट)*

आमचं हे राहतं घर आहे. एसी नाही, टीव्ही नाही. पंखा, मच्छरदाणी आणि अंघोळीला बंबाचं गरम पाणी आहे. जेवण शाकाहारी, सगळ्यांबरोबर पंगतीत. शनिवारी दुपारी उकडीचे मोदक, फणसाच्या कुयरीची भाजी, आमटी-भात, सोलकढी. मार्चच्या मध्यात इथे आंबा सहसा तयार नसतो, तेव्हा आमरसाची आशा धरू नका. घरात मद्यपान आणि सिगारेट चालत नाही. रात्री दहानंतर अंगणात शांतता, कारण सगळ्यांनाच पहाटे उठायचं असतं.

येताना ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा आणि मग बागमांडला. तिथून गाडी फेरीबोटीत चढवून खाडीपलीकडे वेसवीला उतरा, पुढे बाणकोटवरून वेळास. थांबत-थांबत सहा तास धरा, पहाटे सहाला निघालात तर जेवायला पोचाल. ताम्हिणीत वळणं फार आहेत, मुलीला गाडी लागत असेल तर निघताना पोटभर खाऊ घालू नका. पेट्रोल माणगावलाच भरून घ्या. बागमांडल्याला पोचलात की मला एक मेसेज टाका, तोवर भात लावत नाही.

सोबत आणा: टोपी, वाळूत चालतील अशा चपला, रोजची औषधं.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: वरची माहिती बरोबर आहे का, सासूबाईंसाठी खालची खोली हवी का, आणि एकादशीचा उपवास कुणाकुणाला. उद्या रात्री नऊपर्यंत दोन्ही खोल्यांपैकी तुम्हाला हवी ती मिळेल, त्यानंतर जी राहील ती. पैसे पाठवलेत की त्याचा फोटो इथेच टाका, मी वहीत नाव लिहून तुम्हाला कळवते.