महाशिवरात्रीच्या यात्रेत आकाशपाळणा प्रवाशांसह अडकल्याबाबत घटना अहवाल

दिनांक : 16 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
मा. ठाणेदार साहेब,
मा. विद्युत निरीक्षक साहेब,
मा. सरपंच व यात्रा समिती,
आणि पाळण्याचे मालक

महोदय,

काल रविवारी, 15 फेब्रुवारीला, रात्री 8 वाजून 14 मिनिटांनी देवळाच्या मागच्या मैदानातला 50 फुटी आकाशपाळणा फिरता फिरता थांबला. चाकाला 16 डबे आहेत. त्यातले 13 भरलेले होते आणि त्यात 41 माणसं होती, पैकी 14 लेकरं. सगळी माणसं 9 वाजून 20 मिनिटांपर्यंत सुखरूप खाली आली. कोणालाही दुखापत झाली नाही. सातव्या डब्यातल्या एका बाईंना चक्कर आली होती. त्यांचा दिवसभर निरंकार उपवास होता. 108 च्या डॉक्टरांनी त्यांचा बीपी पाहिला, मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि अर्ध्या तासाने घरी सोडलं.

पाळणा ब्रेक लागून थांबला. चालू असताना वीज ब्रेक उघडा धरते, वीज गेली की स्प्रिंग तो आपोआप आवळते. त्यामुळे चाक जागेवर घट्ट उभं राहिलं, मागे सरकलं नाही. थांबण्याआधी साधारण 10 सेकंद मोटर घुंघावत होती आणि चाकाची गती मंदावली होती. मग करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा पॅनलमधला ओव्हरलोड रिले पडला. 10 एचपीची ही मोटर भरल्या चाकावर 14 अँपिअरच्या आसपास घेते. तीन फेजपैकी एक गेला की उरलेल्या दोघांवर करंट दीडपटीहून जास्त चढतो आणि थांबलेली मोटर पुन्हा उचलत नाही.

रिले मी एकदाच रीसेट केला. मोटर नुसती घुंघावली म्हणून लगेच बंद केली. पुन्हा पुन्हा रीसेट केलं असतं तर वाइंडिंग जळून धूर झाला असता आणि वर बसलेल्या माणसांत घबराट पसरली असती. नंतर चेंजओव्हर टाकून जनरेटरवर घेतलं, तिथेही तेच. दोन्ही पुरवठ्यांवर एकच लक्षण, म्हणजे बिघाड चेंजओव्हरच्या पुढे, आपल्याच वायरिंगमध्ये. टेस्ट लॅम्प लावला तेव्हा आर आणि वाय फेजवर पेटला, बी फेजवर पेटला नाही. ही दुरुस्ती अंधारात घाईने करण्याऐवजी माणसं हाताने उतरवायची असं 8.26 ला ठरवलं. मेन स्विच बंद करून कुलूप लावलं आणि किल्ली बंदोबस्तावरच्या हवालदारांकडे दिली. उतरवणं चालू असताना कोणी चुकून वीज दिली असती तर मोटरने चाक ओढलं असतं.

तोवर पहिल्या डब्यातली 3 माणसं उतरवली होती, तो डबा फलाटासमोरच होता. तिकीट खिडकी बंद केली, दोर बांधून गर्दी 30 फूट मागे नेली आणि 108 व 112 ला फोन केले. अग्निशमन बंब तालुक्याहून यायला वेळ लागणार होता. तो येईपर्यंत थांबलो असतो तर लेकरं डब्यात उभी राहिली असती, हा धोका जास्त वाटला.

भोंग्यावरून मी दर दोन-तीन मिनिटांनी बोलत होतो : "हालू नका बाप्पा, कोणी उभं राहू नका, दांडा धरून बसा, एकेक डबा खाली येते." सगळ्यात वर, नवव्या डब्यात, एक आजी दोन नातवांना घेऊन होत्या. लहान नातू दांड्याखालून निसटू पाहत होता. आजीने लुगड्याचा पदर त्याच्या कमरेतून घेऊन दांड्याला दोन गाठी मारल्या आणि खाली येईपर्यंत हात सोडला नाही.

चाकाचा तोल एका बाजूला होता. देवळाकडच्या 7 डब्यांत 25 माणसं, वावराकडच्या 4 डब्यांत 10, वर 3. ही चूक माझी आहे. डबे समोरासमोरचे भरायचे असतात. गर्दीत एकाच गावची मंडळी लागोपाठ बसली आणि मी त्यांना वेगळं केलं नाही. अशा चाकाचा ब्रेक एकदम उघडला तर जड बाजू सुसाट खाली येते.

नेहमी उतरवताना आम्ही समोरासमोरचे डबे रिकामे करतो. हाताने तसं करायचं तर दर डब्याला अर्धं चाक फिरवावं लागलं असतं. म्हणून जड बाजूच ओळीने खाली घ्यायची आणि वजनालाच चाक फिरवू द्यायचं असं ठरवलं. दुसरा ब्रेक म्हणून 20 मिलिमीटरचा नायलॉन दोर रिंगच्या जोडावर बांधला आणि त्याचे दोन वेढे पायाच्या खांबाला दिले. दोरावर आठ जण होते, चार आमचे आणि चार गावचे. बंडीला दोर आवळायची सवय असल्यामुळे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. मी ब्रेकच्या हँडलवर होतो. "सोड" म्हटलं की ब्रेक थोडा उघडायचा, दोर हातभर हातभर सोडायचा, डबा फलाटाला आला की ब्रेक बंद आणि रिंगखाली लाकडी ठोकळा. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत रिंगवर साधारण 10 फूट येतात. दर तीन डब्यांनी दोर सोडून नव्याने बांधावा लागला, त्यातच सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटचा पंधरावा डबा वजन कमी उरल्याने स्वतःहून येत नव्हता, तो रिंग ढकलून आणला.

सकाळी उजेडात ठाण्याच्या माणसांसमोर पॅनल उघडलं. चेंजओव्हरच्या पुढच्या मेन स्विचवर बी फेजच्या केबलच्या टोकाचा लग जळून काळा झाला होता, इन्सुलेशन बोटभर वितळलं होतं. केबल ॲल्युमिनियमची आहे. लग क्रिंपिंग टूलने न दाबता हातोडीने चेपलेला होता आणि बोल्टला स्प्रिंग वॉशर नव्हता. चाकाच्या थरथरीने तो सैल होत गेला. शिवाय पाळण्याची सगळी रोषणाई त्याच बी फेजवर टाकलेली होती, त्यामुळे अंधार पडल्यापासून त्या जोडावर ताण वाढला. एक फेज गेला की मोटर लगेच बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मागच्या मुक्कामी बिघडला म्हणून बायपास केलेला आहे. हे मालकांना तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नव्हतं. तो चालू असता तरी पाळणा थांबलाच असता, फक्त मोटर तापण्याआधी थांबला असता.

काळ्या मातीत पाया खचला का हेही पाहिलं. फळ्या जागेवर आहेत, लेव्हल बरोबर आहे, ताणाच्या तारा घट्ट आहेत.

मालकांना माझं म्हणणं असं : तिन्ही फेजचे लग नवे, टूलने दाबून, स्प्रिंग वॉशरसह बसवा. रोषणाईला वेगळी केबल द्या आणि तिन्ही फेजवर वाटा. प्रिव्हेंटर नवा घ्या. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन मेगरने तपासा. माणसं उतरवताना ब्रेकचं लायनिंग घासलं आहे, तेही बदला. डबे भरण्यासाठी फलाटावर दुसरा माणूस द्या. एकटा माणूस पॅनल आणि तोल दोन्ही सांभाळू शकत नाही. विद्युत निरीक्षकांनी तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय मी हा पाळणा चालवणार नाही.

जळालेला लग व केबलचा तुकडा पंचनाम्यात ठाण्यात जमा आहे. मेन स्विचची किल्लीही तिथेच आहे. 41 जणांच्या तिकिटांचे पैसे यात्रा समितीच्या मंडपातून आज दुपारपासून परत देत आहोत.

आपला विश्वासू,
सही
आकाशपाळणा चालक