आठवीच्या ऑनलाइन चाचणीचे नियम एवढे कडक का : पालकांसाठी परिपत्रक

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी १० ते ११ आठवीची ऑनलाइन चाचणी आहे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. सोमवारी नियमांचा कागद मुलांबरोबर घरी पाठवला आणि त्या दिवसापासून शाळेचा फोन थांबेना झालाय. "मॅडम, पोरं चोर आहेत का?" असं एका वडिलांनी विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. म्हणून नेहमीचं चार ओळींचं परिपत्रक न काढता सविस्तर लिहितेय, जरा लांबलंय, पण चहा घेत वाचा.

आधी गेल्या वर्षीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. गेल्या वर्षी आपण अशीच चाचणी घेतली, नियम काहीच नव्हते, लिंक पाठवली आणि विश्वास ठेवला. एका तुकडीत ४६ पैकी ४१ मुलांना ४० पैकी ३८ च्या वर मार्क! आम्ही दोन दिवस खूश होतो, खोटं कशाला बोलू. मग कळलं की दहा वाजून बारा मिनिटांनी उत्तरं ग्रुपवर फिरली होती. त्याच तुकडीत एका मुलीला ३१ मिळाले, तिने कुणाला विचारलं नव्हतं, एकटीने बसून सोडवलं होतं, आणि यादीत ती खालून पाचच्या आत. तिची आई माझ्यासमोर बसली होती आणि तिला काय सांगावं मला सुचेना. पोरगी शेजारी उभी, तिने एवढंच विचारलं, "मॅडम, मी पण विचारायला पाहिजे होतं का?"

तर नियम आहेत ते या मुलीसाठी, कॉपी करणाऱ्याला पकडण्यात मला फार रस नाही. जी बारा-पंधरा पोरं खरं लिहितात त्यांचे मार्क खरे राहावेत, एवढंच आहे.

यावेळी पणाला लागलंय ते पण मोठं आहे. या चाचणीवरून एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीच्या रविवारच्या वर्गासाठी ३० मुलं निवडायचीत. आपली शाळा अनुदानित, त्यामुळे घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असेल तर आपली मुलं त्या परीक्षेला बसू शकतात, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८ हजार. ज्यांच्या घरी याची खरंच गरज आहे त्यांची जागा गुगल करून लिहिणाऱ्याला गेली तर ते मला चालणार नाही.

मग शाळेतच का घेत नाही, असं बरेच जण म्हणाले. घेतली असती ओ, पण ऑगस्ट आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्या आधीच वडणगे, चिखलीकडच्या पोरांच्या घरचे म्हणतात आज नको. अर्धा वर्ग आला आणि अर्धा घरी राहिला तर ती कसली निवड?

आता ज्या नियमांवर जास्त ओरड आहे ते बोलू.

मोबाइल समोर नाही, बाजूला तिरका ठेवायचा असं लिहिलंय, म्हणजे मुलाचा चेहरा, हात आणि कच्चा कागद तिन्ही दिसतात. समोर ठेवला तर नुसता चेहरा दिसतो आणि मांडीवर दुसरा फोन असला तरी कळत नाही. (गणित सोडवताना मूल खाली बघणारच, त्यात काही चूक नाही, हात दिसले की पुरे.) ज्या फोनवर पेपर आहे त्याच फोनचा कॅमेरा वापरायचाय, दुसरा फोन लागत नाही. स्टँड नसेल तर डब्याला टेकवा. इअरफोन नको, कानात कोण बोलतंय ते आम्हाला ऐकू येत नाही म्हणून. स्क्रीन सोडून दुसरीकडे गेलं की अ‍ॅप नोंद करतं. प्रश्न प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने येतील, पर्याय पण उलटसुलट, म्हणजे "सातवं ब" असं ग्रुपवर टाकून काही उपयोग नाही. मागच्या प्रश्नावर जाता येणार नाही असा पण एक नियम सुचवलेला, तो आम्ही काढून टाकला, कारण त्याने प्रामाणिक पोरगंच जास्त अडकतं, अवघड प्रश्न सोडून पुढे जाणं ही परीक्षेची चांगली सवय आहे.

नोंद झाली म्हणजे आरोप झाला असं नाही, हे दोनदा वाचा. धाकटा भाऊ खोलीत आला, बाहेर दूधवाला ओरडला, आजीने "जेवलास का रे" विचारलं, तरी अ‍ॅप नोंद करेल, त्याला काय कळतंय. ती नोंद दोन शिक्षक बघतील, शंका राहिली तर आधी मुलाला विचारतील, तुमच्यासमोर. कुणालाही थेट शून्य दिलं जाणार नाही. आणि उलट बाजूने पण बघा, उद्या कुणी म्हणालं की याला ३८ कसे पडले, तर शाळा त्या मुलाच्या मागे ठामपणे उभी राहू शकते, कारण आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. गेल्या वर्षी नव्हतं.

रेकॉर्डिंगची काळजी रास्त आहे, विशेषतः मुलींच्या पालकांची. ते फक्त ते दोन शिक्षक आणि मी बघणार, निकालानंतर ३० दिवसांनी पुसलं जाईल, कुणाच्या मोबाइलवर जाणार नाही. घर फिरवून दाखवायला आम्ही सांगणार नाही. अमेरिकेत ओहायोत एका विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्याने बघितली म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ ला तिथल्या कोर्टाने ते घटनेला धरून नाही असं म्हटलं, आणि मला तर कोर्टाशिवाय पण ते पटत नाही, आपल्याकडे एकाच खोलीत पाच जण राहतात. मागे भिंत येईल असं बसवा, बस्स. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पण १८ च्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, म्हणून सोबतची चिठ्ठी सही करून शुक्रवारपर्यंत पाठवा. सही करायची नसेल तर राग नाही, मूल शाळेत येऊन लॅबमध्ये पेपर देईल, तिथे शिक्षक समोर असतील, कॅमेरा नाही. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा एकाच फोनवर दोन भावंडं आहेत त्यांनी पण लॅबच धरा, १२ कॉम्प्युटर चालू आहेत, आधी सांगा म्हणजे जागा ठेवते. पाण्यामुळे तेही जमलं नाही तर तशा मुलांसाठी नंतर वेगळा पेपर काढू.

लाइट गेली तर घाबरू नका. उत्तरं फोनमध्ये सेव्ह होत राहतात, नेट आलं की जातात, दहा मिनिटांपर्यंतचा वेळ वाढवून मिळेल. त्याहून जास्त गेलं तर वर्गशिक्षकांना फोन करा, त्या मुलाला दुसरा पेपर. लिहायला-वाचायला अडचण असलेल्या मुलांना २० मिनिटं जादा आहेतच.

आता थोडं अवघड बोलते, रागावू नका. गेल्या वर्षी उत्तरं फिरवणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त होती. एक ताई तर पडद्याआडून बोटं दाखवत होत्या, पर्याय तीन म्हणून तीन बोटं, हे त्यांच्याच पोराने हसत हसत वर्गात सांगितलं. त्या तासाला तुम्ही खोलीबाहेर बसा, बाजार करून या, नाहीतर पुरी तळा. पोराला येत नसेल तर येत नाही एवढं आम्हाला कळू द्या, मग आम्ही शिकवू की.

गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता दहा मिनिटांची रंगीत तालीम आहे, मार्क नाहीत, फक्त फोन कुठे टेकवायचा आणि आवाज येतो का ते बघायचं. त्याला सगळ्यांनी बसायचंच, कारण शनिवारी पावणेदहाला "मॅडम कॅमेरा चालू होईना" असे साठ फोन आले तर मी एकटी काय करू.

आपली,
मुख्याध्यापिका

ता.क. : शनिवारी शाळा भरणार नाही, पण ऑफिस ९ पासून उघडं आहे.