प्रकरण ३ : संशोधन पद्धती
३.२ मिश्र पद्धतीची निवड

मराठवाड्यातील १८ ते २५ वयोगटाची धार्मिकता मोजण्यासाठी केवळ प्रश्नावली पुरेशी नाही, हे पूर्वचाचणीतच लक्षात आले. ‘तुम्ही किती धार्मिक आहात?’ या प्रश्नाला पैठणच्या एका विद्यार्थ्याने ‘अजिबात नाही’ असे उत्तर नोंदवले. पुढच्या गप्पांत मात्र तो दरवर्षी आजोबांसोबत नाथषष्ठीच्या दिंडीत चालतो, असे कळले. त्याच्या लेखी ती धार्मिकता नव्हे, घरची रीत होती. असे उत्तर चूक समजून वगळणे अन्यायाचे ठरले असते.

म्हणून आधी छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांतील ४०० तरुणांचे सर्वेक्षण, आणि त्यानंतर त्यांतील २४ जणांच्या सखोल मुलाखती, असा क्रमिक आराखडा स्वीकारला. आचरणाचा प्रसार आकड्यांतून समजेल, त्याचा अर्थ मुलाखतींतून. श्रद्धा, आचरण आणि समुदायाशी नाते यांची मोजणी स्वतंत्र ठेवली आहे. बौद्ध तरुणाची वंदना, मुस्लिम तरुणीचा रोजा आणि वारकरी घरातली एकादशी एकाच गुणांकात बसवली, तर तिन्हींचा अर्थ हरवतो.

मुलाखतीसाठी मुद्दाम असे उत्तरदाते निवडले, ज्यांची श्रद्धा आणि आचरण यांवरील उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. मुली घरच्यांसमोर मोकळेपणाने बोलत नसल्याने त्यांच्या मुलाखती महाविद्यालयात, स्त्री संशोधन-साहाय्यकाने घेतल्या.