ओपन स्पेसला कुलूप कशाला?

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ. कुठल्याही गावाच्या कडेला नवी कॉलनी पाहा. शेत एनए झालं, प्लॉट पडले, बंगले उभे राहिले. ले-आऊटच्या नकाशात एक तुकडा मात्र हिरव्या रंगात दाखवलेला असतो, ती ओपन स्पेस. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आऊटमध्ये किमान 10 टक्के जागा अशी मोकळी सोडावी लागते. म्हणजे पाच एकरांच्या कॉलनीत सुमारे वीस गुंठे. खो-खोच्या मैदानाला 27 बाय 16 मीटर जागा लागते, कबड्डीच्या मैदानाला 13 बाय 10. वीस गुंठ्यांत ही दोन्ही आखून लहानग्यांना धावायला भरपूर जागा उरते. तेव्हा जागाच नाही, ही सबब कॉलन्यांपुरती तरी खोटी आहे. जागा आहे, पण ती पोरांच्या वाट्याला येत नाही.

आमच्या भागातलीच एक ओपन स्पेस सांगतो. आधी एका कोपऱ्यात छोटं मंदिर झालं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग मंदिराला सभामंडप आला, मंडपासमोर पेव्हर ब्लॉक आले. उरलेल्या जागेत लॉन लावलं आणि ते तुडवलं जाऊ नये म्हणून तारेचं कंपाउंड घातलं. व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली. शेवटी फाटकाला कुलूप लागलं आणि पाटी आली : ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे.’ यातलं एकेक काम कुणीतरी चांगल्या हेतूनेच केलं असणार. पण आज तिथली पोरं रस्त्यावर, उभ्या केलेल्या मोटारींच्या मध्ये विटांचे स्टंप मांडून खेळतात. चेंडू काचेवर लागला की ओरडा त्यांनाच बसतो.

बाग आणि मैदान या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे नगरसेवकांनी आणि आपणही लक्षात घ्यायला हवं. बागेत आजी-आजोबा बसतात, फिरतात, ते हवंच. पण दहा वर्षांच्या मुलाला लागते सपाट माती, कडेला लिंबाची चार झाडं आणि कुणी न हटकणारी संध्याकाळ. त्याला कारंजं नको असतं. मातीच्या मैदानाला खर्चही किती? मुरूम टाकून रोलर फिरवायचा आणि पावसाचं पाणी काढून द्यायचं.

‘मोठी मैदानं आहेत की,’ असं सांगितलं जातं. जळगावात शिवतीर्थ आहे, सागर पार्क आहे. पण सभा, प्रदर्शनं यांतून ती मोकळी सापडली, तरी आठ वर्षांचं पोर महामार्ग ओलांडून तिथे एकटं जाणार कसं? मुलींचं तर विचारूच नका. घराच्या ओट्यावरून आईला दिसेल एवढ्या अंतरावर मैदान असेल, तरच मुलगी सातवी-आठवीनंतरही खेळत राहते. मैदान लांब गेलं की आधी तिचा खेळ सुटतो. पैसे भरून टर्फवर खेळण्याची सोय झाली आहे, पण तासाला काही शे रुपये मोजणं हमाली करणाऱ्याच्या पोराला परवडणार आहे का?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. ऊन उतरेपर्यंत पोरांना बाहेर सोडवत नाही, आणि उतरलं की तासा-दीड तासात अंधार. म्हणून मैदानावर दोन खांब आणि दिवे ही इथे चैन नाही. उन्हाळ्यात खेळ होणार तो दिव्यांखालीच.

शाळांचंही बोलायला हवं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान सांगितलं आहे. अनेक शाळांकडे ते आहे, आणि शाळा सुटली की फाटक बंद होतं. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना खुली करायला नवी जमीन विकत घ्यावी लागत नाही. एक राखणदार नेमायचा आणि जबाबदारी लेखी ठरवायची, एवढंच काम आहे. जुन्या गावठाणात आणि झोपडपट्टीत तर ओपन स्पेस नकाशावरही नसते. ‘आमना पोरे कथा खेयतीन?’ असं तिथली माय विचारते, तेव्हा तिला देता येईल असं सर्वांत जवळचं उत्तर शाळेचं मैदान हेच आहे.

महापालिकेने प्रत्येक ओपन स्पेसवर गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशा दाखवणारा फलक लावावा, म्हणजे कुणी काय गिळलं ते शेंबड्या पोरालाही कळेल. नवीन बांधकामाला परवानगी देण्याआधी निम्मी तरी जागा खेळासाठी मोकळी राहते का, ते पाहावं. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्याआधी आपापल्या कॉलनीच्या मंजूर ले-आऊटची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ती हातात घेऊन नगरसेवकाकडे जा आणि कुलूप कुणाच्या ठरावाने लागलं, ते विचारा.